कवी गेल्यावर परवानगी कुणाकडे मागायची?

मा. अध्यक्ष,
अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ
यांस,

पुस्तक छापखान्यात जाण्याआधी त्यातल्या उद्धृतांच्या परवानग्या मिळवणं हे माझं रोजचं काम आहे. हस्तलिखित वाचायचं, दुसऱ्याच्या ओळी जिथे जिथे आल्या असतील तिथे खूण करायची, त्या कुणाच्या आहेत आणि त्यांवरचा हक्क अजून चालू आहे का हे पाहायचं, असेल तर पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट पाहायची. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या लेखकांना जिथे भीती बाळगायचं कारण नाही तिथे ते घाबरलेले असतात आणि जिथे विचारायला हवं तिथे विचारत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विचारायची इच्छा असली तरी विचारायचं कुणाला हे कुणालाच ठाऊक नसतं. या दुसऱ्या अडचणीवर महामंडळ उपाय करू शकतं, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. आणि पहिल्या अडचणीसाठी ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून खुलं लिहिते आहे.

एक उदाहरण घेऊन बोलते. समजा, एका लेखिकेची कादंबरी आली. सहा प्रकरणं आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर काही ओळी. पहिल्यावर तुकोबांचा अभंग, दुसऱ्यावर बहिणाबाई, तिसऱ्यावर मर्ढेकर, चौथ्यावर कुसुमाग्रज, पाचव्यावर एका जुन्या मराठी चित्रपटगीताचं ध्रुपद आणि सहाव्यावर १९७४ साली वारलेल्या, आज फारशा कुणाला आठवत नसलेल्या एका कवीच्या चार ओळी. मधल्या एका प्रकरणात नायक बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मधला अर्ध्या पानाचा उतारा मित्राला वाचून दाखवतो. असं हस्तलिखित अजिबात दुर्मीळ नाही.

अशी लेखिका भेटली की बहुधा या ओळींविषयी काही विचारत नाही. ती विचारते, ‘माझं कथानक एका जुन्या नाटकासारखं वाटतं, अडचण तर येणार नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली देऊन ठेवलं आहे. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिलं होतं. दोन प्रांतांतली दोन कुटुंबं, प्रांतभेदाचा दुरावा आणि त्यातून फुलणारं प्रेम. पुढे १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्यातही प्रांतवादच होता. आनंद कोर्टात गेले आणि हरले. विषय, कल्पना, ऐतिहासिक घटना, दंतकथा यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती त्या मांडण्याच्या रीतीवर, असं न्यायालयानं सांगितलं. दोन्ही कलाकृती पाहिल्यावर सामान्य वाचकाला किंवा प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं पाहिजे, ही कसोटी तेव्हा ठरली आणि आजही तीच वापरली जाते.

तेव्हा सुनेच्या छळावर कादंबरी लिहायला, पानिपतावर लिहायला, धरणग्रस्तांवर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. आधी कुणी लिहिलं असलं तरी लागत नाही. पण आधीच्या कादंबरीतले प्रसंग त्याच क्रमानं, तीच पात्रं, तेच संवाद थोडे इकडचे तिकडे करून आले, तर ‘मी शब्द बदलले आहेत’ हा बचाव चालत नाही. नुसत्या शीर्षकावरही हा हक्क नसतो. ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली ते स्पष्ट केलं. म्हणून आपल्या पुस्तकाचं नाव दुसऱ्या कुणी वापरलं की लेखक ‘कॉपीराइटचा भंग’ म्हणून जी पत्रं पाठवतात, त्यांना या कायद्याचा आधार नसतो.

हक्क निर्माण होण्यासाठी काही करावं लागतं, हाही असाच पक्का बसलेला समज आहे. काहीही करावं लागत नाही. कागदावर किंवा संगणकावर लिहून झालं की १९५७ च्या कायद्यानं हक्क आपोआप लेखकाचा होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीच्या अर्जाला पाचशे रुपये पडतात, आणि उद्या कुणाशी वाद झाला तर ते प्रमाणपत्र सकृद्दर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडतं, एवढाच तिचा अर्थ. ज्यांची संहिता अनेक हातांतून फिरते त्या पटकथाकारांनी आणि नाटककारांनी ती जरूर करावी. कवितासंग्रहाची नोंदणी केली नाही म्हणून कवीचं काही जात नाही.

आता सहा प्रकरणांकडे येते.

तुकोबा सर्वांचे. अभंगाचा पाठ कुणीही छापावा. मात्र एखाद्या अभ्यासकानं अलीकडे काढलेल्या गाथेतली प्रस्तावना, टीपा आणि अर्थ हे त्या अभ्यासकाचे आहेत. लेखिकेनं अभंगासोबत त्याचा अर्थही तिथूनच उचलला असेल तर ती दुसऱ्याच्या मालकीचं घेते आहे. अनुवादाचंही तसंच. शेक्सपिअर केव्हाच मोकळा झाला, पण शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेलं ‘राजमुकुट’ मोकळं नाही. मूळ कृती आणि तिचा अनुवाद या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, हे आपल्याकडे फार कमी जणांच्या ध्यानात असतं.

मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी गेले. कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १ जानेवारी १९५७ पासून ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत. १ जानेवारी २०१७ पासून मर्ढेकर मोकळे झाले. याच मोजणीनं साने गुरुजी २०११ च्या आरंभी मोकळे झाले. सावरकरांचं साहित्य २०२६ सरल्यावर मोकळं होईल. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ साली गेले, तेव्हा दोघांसाठीही २०२९ च्या अखेरीपर्यंत थांबावं लागेल. खांडेकर २०३६ च्या अखेरीस. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे चौथ्या प्रकरणाच्या ओळींवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे.

पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, म्हणून १९९१ च्या शेवटी त्यांचं साहित्य मोकळं होणार होतं. त्या डिसेंबरात, अगदी मुदत संपायला आली असताना, केंद्र सरकारनं वटहुकूम काढून ती सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवली. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या संपादकांच्या बोलण्यात अजून ‘पन्नास वर्षं’ ऐकू येतात ती यामुळे.

बहिणाबाईंचा हिशोब थोडा वेगळा आहे. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. साध्या मोजणीनं हक्क २०११ च्या शेवटी संपायला हवा. पण त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली ती १९५२ साली, त्यांच्या मागे. जे लेखन लेखकाच्या हयातीत प्रसिद्धच झालं नाही, त्याची साठ वर्षं मृत्यूपासून धरत नाहीत, पहिल्या प्रकाशनापासून धरतात. म्हणून त्यांच्या बाबतीत २०१२ ची अखेर धरायची. फरक एकाच वर्षाचा पडला आणि आज दोन्ही तारखा मागे गेल्या आहेत, त्यामुळे दुसरं प्रकरणही सुटलं.

पण हाच नियम बाबासाहेबांना लावून पाहावा. ते ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली, त्यांच्या हयातीत आलं. ते १ जानेवारी २०१७ पासून मोकळं आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली आलं. ते एक वर्ष उशिरा, २०१८ च्या आरंभी मोकळं झालं. आणि ‘रिडल्स इन हिंदुइझम’? ते हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांत राहिलं आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात १९८७ साली पहिल्यांदा छापलं गेलं. त्याची साठ वर्षं १९८८ पासून सुरू होतात आणि २०४७ च्या अखेरीस संपतात. लेखक एकच, मृत्यूचं साल एकच, पण तीन पुस्तकांच्या तीन तारखा, आणि शेवटच्या दोन तारखांत तीस वर्षांचं अंतर. ‘बाबासाहेब आता मोकळे झालेत’ असं सरसकट धरून चालणारा प्रकाशक नेमका इथे चुकतो. तेव्हा आपल्या लेखिकेच्या कादंबरीतला अर्ध्या पानाचा उतारा ‘जुना आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. तो वापरण्याचा आधार दुसरीकडे शोधावा लागेल.

मरणोत्तर प्रकाशनाचा हा नियम मराठीला विशेष लागू पडतो, कारण लेखक गेल्यावर त्याची पत्रं आणि डायऱ्या काढायची आपल्याकडे मोठी आवड आहे. पत्राच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आलेलं पत्र, म्हणजे तो कागद, ज्याला आलं त्याचा. पण त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मागे त्याच्या वारसांचा. थोर लेखकाची पत्रं आपल्या पेटीत आहेत म्हणून त्यांचं पुस्तक काढता येत नाही.

आता हक्क चालू असलेल्या मजकुरातून काय घेता येतं ते पाहू. इथे सर्वात जास्त गैरसमज आहेत. कुणी सांगतं चार ओळींपर्यंत चालतं, कुणी तीनशे शब्द म्हणतं, कुणी दहा टक्के. आपल्या कायद्यात असा एकही आकडा नाही. कायदा दोन गोष्टी पाहतो: घेतलेला भाग मूळ कृतीच्या मानानं किती मोलाचा आहे आणि तो कशासाठी घेतला आहे. चारशे पानांच्या कादंबरीतलं एक वाक्य उचललं तर सहसा प्रश्न येत नाही. आठ ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे अर्धी कविता झाली, आणि त्या चार ओळींतच तिचा प्राण असला तर ती जवळजवळ सगळीच घेतली म्हणायची. म्हणून गद्याचा नियम कवितेला लावू नये.

कशासाठी घेतलं हा भाग कायद्याच्या ५२ व्या कलमात येतो. त्या कृतीची किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीची समीक्षा, परीक्षण, स्वतःचा अभ्यास व संशोधन, चालू घडामोडींचं वार्तांकन, यांसाठी रास्त प्रमाणात उद्धृत करायला परवानगी लागत नाही. कुसुमाग्रजांच्या प्रतिमासृष्टीवर कुणी लेख लिहीत असेल आणि एक एक कडवं घेऊन त्याविषयी काही सांगत असेल, तर त्यानं निर्धास्तपणे घ्यावं. प्रबंधलेखकांना आणि समीक्षकांना मी हे ठासून सांगते, कारण ते विनाकारण घाबरतात आणि ओळी गाळून त्यांचा गोषवारा देतात. त्यात समीक्षेचंच नुकसान होतं.

समीक्षेत किती घ्यावं याविषयी केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ सालचा एक निकाल फार उपयोगी आहे. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं आणि मूळ नाटकातली पात्रं व संवाद त्यात आणून त्यांवर टीका केली. न्यायालयानं तीन गोष्टी तपासल्या: टीकेच्या मानानं घेतलेला मजकूर किती आणि कसा आहे, तो घेण्यामागचा हेतू काय, आणि नवी कृती मूळ कृतीची जागा बाजारात घेईल का. प्रतिनाटक टिकलं. मी स्वतः याच तीन प्रश्नांवर प्रत्येक उद्धृत तपासते. लेखात दहा ओळी कवीच्या आणि एक ओळ आपली असेल, तर ती समीक्षा राहत नाही, तो कवितासंग्रह होतो.

या कसोटीवर आपली कादंबरी धरली की उत्तर सरळ आहे. प्रकरणाच्या माथ्यावर टाकलेल्या ओळींवर लेखिका काही भाष्य करत नाही. त्या वातावरणासाठी, शोभेसाठी आहेत. त्यामुळे ५२ वं कलम तिच्या मदतीला येत नाही आणि कुसुमाग्रजांच्या, चित्रपटगीताच्या व सहाव्या कवीच्या ओळींना परवानगी हवी. खाली कवीचं नाव छापलं म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. नाव देणं हे कर्तव्यच आहे, पण नाव दिल्यानं परवानगी मिळत नाही. ‘साभार’ हा शब्द परवानगी मिळाल्यावर छापायचा असतो.

‘रिडल्स’च्या उताऱ्याविषयी जरा थांबून विचार करावा लागतो. नायक तो वाचतो आणि पुढे दोघं मित्र त्यातल्या युक्तिवादावर पानभर वाद घालत असतील, तर कादंबरीच्या चौकटीत का होईना, ती त्या मजकुराची चर्चा आहे. तिथे मी बाजू मांडू शकते. तरी अर्ध्या पानाऐवजी वादाला लागतील तेवढीच वाक्यं ठेवायला सांगेन. नुसताच वाचला आणि प्रसंग पुढे गेला, तर परवानगी घ्यावी किंवा आशय लेखिकेनं स्वतःच्या शब्दांत आणावा. विचारावर मालकी नाही, हे आपण वर पाहिलंच.

चित्रपटगीत सर्वांत फसवं असतं. गीतकाराच्या मुलाला फोन केला, त्यानं आनंदानं ‘घ्या की’ म्हटलं, एवढ्यावर पुस्तक छापलं जातं. पण चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहून घेतलेल्या जुन्या गीतांचा हक्क पुष्कळदा निर्मात्याकडे आणि त्याच्याकडून संगीत कंपनीकडे गेलेला असतो. म्हणजे मुलाचा होकार मनापासूनचा असला तरी तो देण्याचा अधिकार त्याला असेलच असं नाही. अशा वेळी मी लेखकाला गाण्याचं नाव तेवढं घ्यायला आणि ओळी वगळायला सुचवते. पात्र ते गाणं गुणगुणतं एवढं लिहिलं की वाचकाच्या कानात ते वाजतंच.

राहिला सहावा कवी. अध्यक्ष महोदय, हे पत्र खरं तर या सहाव्या कवीसाठी आहे.

त्याचा हक्क २०३४ च्या अखेरीपर्यंत आहे. संग्रह एकच, १९६० च्या आसपासचा, प्रकाशनसंस्था केव्हाच बंद झालेली. आत ‘सर्व हक्क सुरक्षित’ एवढंच छापलेलं; कुणाचे, ते नाही. हक्क कवीनं प्रकाशकाला दिले होते का? करार मिळत नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं कायद्यात एक चांगली सोय आली. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. पण ती दुरुस्ती लागू झाली मे १९९५ मध्ये आणि त्याआधीच्या करारांना ती लावता येत नाही. त्यामुळे १९६० चा कागद सापडलाच, तर त्यातली अक्षरं जशी असतील तशी वाचावी लागतात.

हक्क प्रकाशकाला दिले नव्हते असं धरलं तर ते वारसांचे. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांचे मिळून. थोरल्या मुलाची सही आली तरी लग्न होऊन इंदूरला गेलेल्या मुलीचाही त्यात वाटा आहे, तिचीही संमती हवी. आणि मृत्युपत्र असलं तरी त्यात साहित्याविषयी वेगळं कलम क्वचितच असतं. घर, दागिने, ठेवी यांची वाटणी होते आणि पुस्तकांचे हक्क ‘उरलेलं सर्व’ या शब्दांत जातात. कन्नड लेखक शिवराम कारंत यांनी तर हक्कांविषयी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. तरी त्यांच्या यक्षगानाच्या प्रयोगांवरचा हक्क त्यात येतो की नाही यावरून दावा झाला आणि तो २००९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला.

वारस सापडलेच नाहीत तर कायद्यात वाट आहे, पण ती चार ओळींसाठी नाही. हक्कधारक मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर वाणिज्य न्यायालयाकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मग सुनावणी, मग न्यायालय ठरवील तेवढं मानधन जमा करायचं. संपूर्ण संग्रह पुन्हा काढायचा असेल तर कुणी हा खटाटोप करील. एका प्रकरणाच्या माथ्यावरच्या ओळींसाठी कोण करणार? लेखिका ओळी काढून टाकते. कवीचं नाव, जे या निमित्तानं पाचशे नव्या वाचकांपुढे गेलं असतं, ते जात नाही. कायद्याचं काम लेखकाला जपण्याचं, आणि इथे जपणूक करता करता लेखक विस्मरणात जातो. याचं मला मनापासून दुःख होतं, कारण यात चूक कायद्याची कमी आणि आपल्या न ठेवलेल्या नोंदींची जास्त आहे.

इंग्रजीसाठी ही नोंद आहे. ब्रिटनमधलं रेडिंग विद्यापीठ आणि अमेरिकेत टेक्सस विद्यापीठाचं हॅरी रॅन्सम सेंटर मिळून लेखक-कलावंतांच्या हक्कधारकांची एक सूची चालवतात. लेखकाचं नाव शोधलं की आज त्याच्या हक्कांसाठी कुणाशी पत्रव्यवहार करावा ते कळतं. परवानगी देणं न देणं हक्कधारकाच्या हाती राहतं. सूची फक्त दार दाखवते.

महामंडळानं मराठीसाठी अशी हक्कधारकांची नोंदवही सुरू करावी, ही माझी विनंती आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या आपल्या चारही घटक संस्थांकडे आपापल्या भागातल्या लेखकांची आणि त्यांच्या घरांची माहिती दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त आहे. गोव्यातल्या आणि बृहन्महाराष्ट्रातल्या संलग्न संस्थांची त्यात भर पडेल. महामंडळाचं कार्यालय आळीपाळीनं एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जातं, म्हणून नोंदवही कागदी न ठेवता चौघींनाही एकाच वेळी पाहता येईल आणि दुरुस्त करता येईल अशी असावी. नाहीतर ती एखाद्या स्थलांतरात हरवेल.

नोंद फार मोठी नको. लेखकाचं नाव आणि टोपणनाव, मृत्यूचं साल, मरणोत्तर आलेली पुस्तकं आणि त्यांच्या पहिल्या प्रकाशनाचं साल, छपाईचा हक्क कुणाकडे, अनुवादाचा आणि नाट्यरूपांतराचा कुणाकडे, इतकं पुरे. वारसांचे पत्ते उघड करण्याची गरज नाही. विचारणारा महामंडळाला लिहील, महामंडळ ते पत्र पुढे पाठवील. टोपणनावाचा रकाना विसरू नये. लेखकाची ओळख कधीच उघड झाली नसेल तर साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात आणि उघड झाली असेल तर मृत्यूपासून, म्हणून ती नोंद हिशोबाच्याही कामी येते. हयात लेखकांनीही आपली माहिती स्वतः द्यावी. आज साठीत असलेल्या कवीला आपले कोणते हक्क कोणत्या प्रकाशकाला किती वर्षांसाठी दिले आहेत हे सांगता येतं. तीस वर्षांनी त्याच्या नातवाला सांगता येणार नाही.

सोबत परवानगीपत्राचा एक नमुना महामंडळानं छापावा. मी जो वापरते त्यात मूळ पुस्तक, आवृत्ती, पान आणि हव्या असलेल्या ओळी जशाच्या तशा लिहिलेल्या असतात. नव्या पुस्तकाचं नाव, प्रकाशक, प्रती, अंदाजे किंमत असते. ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक हवं असल्यास ते वेगळं विचारलेलं असतं, कारण छापील पुस्तकाच्या परवानगीत ते आपोआप येत नाही. पुढच्या आवृत्त्यांना हीच परवानगी चालेल का, मानधन किती आणि श्रेयनामावलीत नाव कसं छापायचं, हे असतं. खाली हक्कधारकानं सही करावी एवढीच जागा. पत्र मिळूनही उत्तर आलं नाही तर तो होकार नाही, हे लेखकांना सांगावं लागतं. आणि हक्कधारकांनाही एक सांगायला हवं: बहुतेक लेखक पैसे बुडवायला निघालेले नसतात, त्यांना पंधरा दिवसांत हो किंवा नाही एवढं हवं असतं.

गेल्या काही वर्षांतल्या पत्रव्यवहारातून पुष्कळ हक्कधारकांशी माझा परिचय झाला आहे. त्यांना विचारून, जे संमती देतील त्यांच्या नोंदी मी महामंडळाकडे आणून देईन. घटक संस्थांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि बैठक कुठल्या गावी आहे ते कळवावं. नमुना आणि पहिल्या नोंदी घेऊन मी येईन.

आपली नम्र,
एक ग्रंथसंपादक